नऊ ओळी, दहा सिस्टर

रुग्णालय सरकारी असो की खाजगी, वॉर्डमध्ये कुठेतरी ड्युटी लिस्ट लावलेली असतेच. डावीकडे सिस्टरांची नावे, वर तारखा, आणि मधल्या चौकटींत मॉर्निंग, इव्हिनिंग, नाईट आणि ऑफ यांच्या खुणा. बहुतेक ठिकाणी ही यादी इन्चार्ज सिस्टर, म्हणजे सरकारी भाषेत परिसेविका, तयार करतात आणि मेट्रन, म्हणजे अधिसेविका, तिच्यावर सही करतात. इन्चार्ज सिस्टरांना दर महिन्याला यासाठी बरेच तास मोडावे लागतात. तरीही यादी लागली की दोन-चार जणींच्या मनात एकच प्रश्न उभा राहतो : या वेळीही मीच का?

या प्रश्नाला उत्तर देण्याची एक रीत जगात जुनी आहे. ज्येष्ठतेच्या क्रमाने प्रत्येकीने आपली पाळी स्वतः निवडायची. अनेक विमान कंपन्यांचे वैमानिक महिन्याच्या फेऱ्या अशा निवडतात. अमेरिका आणि कॅनडातल्या अनेक रुग्णालयांत परिचारिकांच्या संघटनांनी करारात हा हक्क लिहून घेतला आहे. पैशांच्या बोलीशी मात्र या रीतीची गल्लत करू नये. न्यूयॉर्क राज्यात ऑल्बनी इथल्या सेंट पीटर्स रुग्णालयाने या शतकाच्या सुरुवातीला रिकाम्या पाळ्यांचा लिलाव चालवला होता. तिथे परिचारिका त्या पाळीसाठी आपला दर लावत. आपण इथे पाहतो आहोत त्या निवडीच्या फेरीत पैसा कुठेच येत नाही. पगार ठरलेला आहे, काम ठरलेले आहे, ठरायचे आहे ते फक्त कोणते काम कोणाच्या वाट्याला येते एवढेच.

धाराशिव जिल्ह्यात पाळ्यांची अशी फेरी चालवणारे रुग्णालय माझ्या माहितीत नाही, पण तिचे तत्त्व इथल्या घराघरांत ओळखीचे आहे. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या ऑनलाइन बदल्या याच तत्त्वावर होतात. २७ फेब्रुवारी २०१७ चा शासन निर्णय आला, पुढे ७ एप्रिल २०२१ चा आला, आणि उमरगा-लोहाऱ्यापासून परंडा-भूमपर्यंतचे शिक्षक शाळांचा पसंतीक्रम भरायला शिकले. त्या पद्धतीतल्या दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. पहिली, गंभीर आजार, अपंगत्व अशा कारणांसाठीचा विशेष संवर्ग सर्वसाधारण ज्येष्ठतेच्या आधी येतो. दुसरी, काही रिक्त जागा समानीकरणासाठी आधीच बाजूला काढून ठेवतात, म्हणजे सगळे शिक्षक शहराजवळ आणि आडवळणाची शाळा ओस, असे होत नाही. निवडीला बसण्याआधी काय निवडता येईल याची चौकट ठरते. रुग्णालयातही नेमके हेच आधी करावे लागते, आणि फेरी न्याय्य ठरते की नाही हे तिथेच ठरते.

नेहमीच्या ड्युटी लिस्टमध्ये आधी नाव लिहितात आणि मग त्याच्या पुढच्या चौकटी भरतात. निवडीच्या फेरीत क्रम उलटा असतो. आधी चौकटी भरायच्या, नावाची जागा कोरी ठेवायची. अठ्ठावीस दिवसांची अशी एक आडवी रांग म्हणजे एक ओळ. सिस्टर सुटी सुटी पाळी निवडत नाही, अख्खी ओळ निवडते. सुट्या पाळ्या निवडायला दिल्या तर पहिल्या पाच जणी साऱ्या मॉर्निंग उचलतील आणि शेवटच्या पाच जणींच्या वाट्याला नाईटशिवाय काही उरणार नाही. वर कुणाची इव्हिनिंग संपता संपता नाईट लागेल ते वेगळेच. ओळ मात्र आधीच तपासलेली असते. ती कोणीही घेतली तरी वॉर्ड चालतो आणि घेणारीचे हाल होत नाहीत.

आता एक वॉर्ड धरू. हा मांडणीसाठी घेतलेला नमुना आहे, कोणत्याही खऱ्या रुग्णालयाचा नाही. धाराशिव शहरातला प्रसूती विभाग, दहा सिस्टर. पाळ्या आपल्याकडे सर्रास असतात तशा : सकाळी आठ ते दुपारी दोन, दोन ते रात्री आठ, आणि रात्री आठ ते सकाळी आठ. मॉर्निंगला तीन सिस्टर हव्यात, इव्हिनिंगला दोन, नाईटला दोन. दिवसाचे तास मोजू. तीन मॉर्निंगचे १८, दोन इव्हिनिंगचे १२, दोन नाईटचे २४, एकूण ५४. अठ्ठावीस दिवसांचे १५१२. दहापैकी एक सिस्टर रजा-राखीव ठेवली, म्हणजे कोणी रजेवर गेले की तिच्या जागी उभी राहणारी, तर उरलेल्या नऊ जणींत प्रत्येकी १६८ तास येतात. आठवड्याला ४२. ओळीत कुठल्याही आठवड्यात ४८ तासांच्या वर जायचे नाही, एवढी मर्यादाही आधीच घालून घेऊ.

या हिशोबात एक गोष्ट दडलेली आहे आणि ती पहिल्यांदा पाहणाऱ्याला चकित करते. नाईट बारा तासांची, म्हणजे दोन दिवसपाळ्यांएवढी. प्रत्येक ओळीचे तास १६८ च ठेवायचे असतील तर जितक्या नाईट, तितकेच ऑफ पडतात. चार नाईट असलेल्या ओळीत चार ऑफ, आठ नाईट असलेल्या ओळीत आठ ऑफ. एकही नाईट नको म्हणाल तर सहा-सहा तासांच्या अठ्ठावीस दिवसपाळ्या कराव्या लागतील आणि महिनाभर एकही सुट्टी मिळणार नाही. आठवड्याला किमान एक सुट्टी हवी म्हटले की किमान चार नाईट आपोआप आल्या. ‘सीनियर आहेत, त्यांना नाईट लावू नका’ ही मागणी अनेक वॉर्डांत ऐकू येते. तास सारखे ठेवून ती पुरी करता येत नाही. ती पुरी केलेली दिसली तर कोणाचे तरी तास कमी भरत आहेत किंवा कोणाचे तरी वाढले आहेत.

अठ्ठावीस दिवसांत नाईट एकूण ५६ लागतात. त्या नऊ ओळींत वाटायच्या. समजा दोन ओळींत चार-चार, चार ओळींत सहा-सहा आणि तीन ओळींत आठ-आठ. बेरीज बरोबर ५६. आता उरल्या दिवसपाळ्या : ८४ मॉर्निंग आणि ५६ इव्हिनिंग. इथे हात सहज चुकतो. पहिल्या दोन ओळींना १६ मॉर्निंग आणि ४ इव्हिनिंग दिल्या, मधल्या चार ओळींना १० आणि ६, शेवटच्या तीन ओळींना ४ आणि ८. बेरजा तंतोतंत जुळतात. कागदावर काही चुकलेले नाही. पण शेवटच्या तीन ओळींकडे पाहा : सर्वाधिक नाईट त्यांच्यात, आणि इव्हिनिंगही सर्वाधिक. दोन्ही ओझी एकाच पाठीवर टाकली. अशी मांडणी करून मग ज्येष्ठतेने निवड ठेवली तर त्या तीन ओळी कोणाच्या वाट्याला जाणार हे फेरीआधीच ठरलेले आहे.

म्हणून ओळी पुन्हा बांधू. पहिल्या दोन, त्यांना सकाळ ओळी म्हणू, तशाच ठेवल्या : १६ मॉर्निंग, ४ इव्हिनिंग, ४ नाईट, ४ ऑफ. मधल्या चार संध्याकाळ ओळी : ७ मॉर्निंग, ९ इव्हिनिंग, ६ नाईट, ६ ऑफ. शेवटच्या तीन रात्र ओळी : ८ मॉर्निंग, ४ इव्हिनिंग, ८ नाईट, ८ ऑफ. बेरजा त्याच आहेत, ८४, ५६ आणि ५६. पण आता प्रत्येक प्रकारच्या ओळीत काही चांगले आहे आणि काही जड आहे. सकाळ ओळीत घड्याळ सरळ चालते, पण सुट्ट्या सर्वांत कमी. रात्र ओळीत झोप मोडते, पण कामावर यायचे दिवस २०, सकाळ ओळीत २४. कुठली ओळ बरी हे आता घेणारीच्या घरावर अवलंबून आहे. निवडीला अर्थ येतो तो इथून.

ऑफ मोजताना एक काळजी घ्यावी. नाईट करून सकाळी आठला घरी गेलेली सिस्टर त्या दिवशी झोपते. तो दिवस यादीत ऑफ दिसतो, पण ती सुट्टी नव्हे. आपल्या ओळींत नाईट जोडीने लावल्या, दोन सलग रात्री आणि मग ऑफ, तर सकाळ ओळीतल्या चार ऑफपैकी दोन, संध्याकाळ ओळीतल्या सहापैकी तीन आणि रात्र ओळीतल्या आठपैकी चार अशा झोपेत जातात. खऱ्या सुट्ट्या उरतात दोन, तीन आणि चार. ओळींच्या तक्त्यात हे दोन आकडे वेगवेगळे लिहावेत. एकाच ‘ऑफ’च्या रकान्यात ते मिसळले की निवडणारीची फसगत होते, आणि ती पहिल्याच महिन्यात तिच्या लक्षात येते.

आडव्या बेरजा जुळल्या म्हणून काम संपत नाही. तक्ता उभाही तपासायचा. प्रत्येक तारखेखाली तीन मॉर्निंग, दोन इव्हिनिंग, दोन नाईट आणि दोन ऑफ, असे नऊ भरले पाहिजेत. एकाही तारखेला एखादी खूण कमी-जास्त असेल तर तो तक्ता निवडीला ठेवायचाच नाही. शिवाय प्रसूती विभागात एक अट अनुभवाची. रात्री दोघीही नवख्या असून चालत नाही, कारण रक्तस्राव सुरू झाला तर डॉक्टर येईपर्यंतचे निर्णय सिस्टरलाच घ्यावे लागतात. तेव्हा रोजच्या दोन नाईटपैकी एक तरी अनुभवी सिस्टरच्या ओळीत पडेल अशा रीतीने काही ओळींवर आधीच खूण करून ठेवतात : ही ओळ प्रसूतीगृहात ठरावीक वर्षे काम केलेल्या सिस्टरनेच घ्यायची. अट ओळीवर लिहिलेली असते आणि फेरीआधी सर्वांना दिसते. निवड झाल्यावर ‘तुम्हाला ही झेपणार नाही’ असे इन्चार्जने तोंडी सांगायचे नाही. कारण खरे असले तरी त्या क्षणी ते पक्षपातासारखेच दिसते.

दहावी ओळ रजा-राखीव, म्हणजे रिलीव्हरची. तिच्या चौकटी कोऱ्या असतात. कोणाची किरकोळ रजा निघाली, कोणी आजारी पडले, कोणाला न्यायालयात साक्षीला जावे लागले, की रिलीव्हर तिथे जाते. कोणत्या दिवशी काय असेल हे आधी कळत नाही, हाच तिचा त्रास. तिला निदान दोन गोष्टी लिहून द्याव्यात : आठवड्यातला एक ठरलेला दिवस तिला बोलवायचे नाही, आणि पाळी आदल्या संध्याकाळपर्यंत कळवायची. आपल्या नमुन्यात दहाला एक राखीव ठेवली आहे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांत रजा-राखीव ३० टक्के धरलेले आहे, म्हणजे हा नमुना तंगच आहे. जिथे मंजूर पदेच रिकामी आहेत तिथे राखीव ओळ कागदावर राहते आणि रिलीव्हर कायम कोणाच्या तरी रिकाम्या जागेवर उभी असते. अशा वॉर्डात निवडीची फेरी करण्यात अर्थ नाही. आधी किती जणींनी किती खाटा सांभाळायच्या तो प्रश्न सोडवावा लागेल.

ओळी तयार झाल्या की ज्येष्ठता सूची. महाराष्ट्राच्या सरकारी नोकरीत ज्येष्ठतेचे नियम आहेत. आधी १९८२ चे होते, त्यांच्या जागी २०२१ चे आले. प्रत्यक्षात आधी तात्पुरती सूची प्रसिद्ध होते, हरकती मागवतात आणि मग अंतिम सूची लागते. वॉर्डातल्या फेरीलाही एवढी शिस्त हवीच. भांडण होते ते ज्येष्ठता कशापासून मोजायची यावर. सेवेत रुजू झाल्यापासून, या रुग्णालयात आल्यापासून, की या वॉर्डात आल्यापासून? माझे मत सेवेत रुजू झाल्याच्या बाजूचे आहे. वॉर्डातली बदली सिस्टर स्वतः मागत नाही, बहुतेक वेळा तिला पाठवतात. वॉर्डापासून मोजले तर वीस वर्षे सेवा केलेली बाई दुसऱ्या वॉर्डात पाठवली म्हणून शेवटच्या क्रमांकावर जाते. त्याने इन्चार्जच्या हातात नको ती ताकदही येते. प्रसूती रजेने ज्येष्ठता तुटत नाही, हे सूचीखाली स्पष्ट लिहावे. एकाच तारखेला रुजू झालेल्या दोघींत निवड यादीतला गुणवत्ता क्रम पाहावा.

राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या कंत्राटी सिस्टर आणि कायम सेवेतल्या सिस्टर एकाच वॉर्डात काम करतात, आणि त्यांची ज्येष्ठता एका सूचीत मोजत नाहीत. कायम सगळ्या आधी आणि कंत्राटी सगळ्या नंतर, असे केले तर दहा वर्षे काम केलेली कंत्राटी सिस्टर काल रुजू झालेलीच्या मागे जाते. पदोन्नतीसाठी सूची वेगळी ठेवणे समजू शकते. पण आज रात्री कोण जागणार हे ठरवताना त्या वेगळेपणाचा संबंध नाही. वॉर्डातल्या फेरीपुरती, प्रत्यक्ष सेवेच्या वर्षांवर एकच सूची करावी, आणि ती दुसऱ्या कशासाठीही वापरली जाणार नाही असे तिच्यावरच नमूद करावे.

आता फेरी. एक ओळ बारा आठवडे राहील, म्हणजे अठ्ठावीस दिवसांचे चक्र तीनदा फिरेल. अशा वर्षाला चार फेऱ्या. चार बाऱ्या अठ्ठेचाळीस आठवडे झाले, उरलेले चार आठवडे दसरा-दिवाळीचे. ते या फेरीतून बाहेर काढलेले बरे. नवरात्रात तुळजापूरच्या वाटेवर पायी येणाऱ्यांची रीघ असते. रुग्णालयात गर्दी वाढते, आणि त्याच दिवसांत घरी घट बसलेला असतो. पुढे लक्ष्मीपूजन आणि भाऊबीज. या चार आठवड्यांच्या सुट्ट्या ज्येष्ठतेने दिल्या तर धाकट्या सिस्टरला भाऊबीज कधीच मिळणार नाही, कितीही वर्षे गेली तरी, कारण वरच्या निवृत्त होईपर्यंत तिच्यावर कोणी ना कोणी असतेच. म्हणून सणांची वही वेगळी. गेल्या वर्षी भाऊबीजेला ज्या कामावर होत्या, त्यांनी या वर्षी सणाची सुट्टी आधी निवडायची.

फेरीच्या आठ दिवस आधी ओळींचा तक्ता कोऱ्या नावांनिशी लावतात. प्रत्येक सिस्टर दहाही ओळींचा पसंतीक्रम लिहून बंद पाकिटात देते. समोरासमोर बसून एकेकीने ओळ उचलण्याची पद्धतही आहे आणि ती जास्त जिवंत असते. पण नाईट करून आलेली आणि रजेवर असलेली तिथे नसते, आणि मेट्रनसमोर मोठ्याने बोलताना धाकट्यांची जीभ अडखळते. लेखी क्रम बरा. वैद्यकीय मंडळाचे प्रमाणपत्र असलेली, गरोदर किंवा तान्ह्या बाळाची आई अशांची ओळ फेरीआधी, कारण नोंदवून, बाजूला काढायची. शिक्षकांच्या बदल्यांतला विशेष संवर्ग तो हाच. मग पाकिटे सर्वांसमोर ज्येष्ठतेच्या क्रमाने उघडायची. आपल्या नमुन्यात अशी बाजूला काढायची ओळ नाही असे धरू आणि फेरी चालवून पाहू.

पहिल्या क्रमांकाच्या सिस्टर शहरातच राहतात, त्यांना सकाळ ओळ हवी. मिळाली. दुसऱ्या क्रमांकाच्या कळंबहून एसटीने ये-जा करतात. त्यांनी पहिली पसंती रात्र ओळीला दिली आहे. कामाचे दिवस चारने कमी, म्हणजे तेवढ्या खेपा वाचल्या. शिवाय रात्री आठला सुटून स्टँडवर उभे राहण्याची वेळ अठ्ठावीस दिवसांत चारदाच. तिसऱ्यांना दुसरी सकाळ ओळ मिळाली. चौथ्यांच्या यादीत दोन्ही सकाळ ओळी वर होत्या, त्या गेल्या. त्यांची पुढची पसंती एका संध्याकाळ ओळीला, कारण तिच्यातल्या खऱ्या सुट्ट्यांपैकी दोन रविवारी पडतात आणि मुलगा वसतिगृहातून रविवारी घरी येतो. पाचव्यांना रात्र ओळ हवी होती : सासूबाई रात्री मुलांजवळ असतात, दिवसा मात्र त्या शेतावर जातात. सहाव्यांना तिसरी रात्र ओळ मिळाली. आता तक्त्यात तीन संध्याकाळ ओळी आणि राखीव एवढेच उरले. सातव्या, आठव्या आणि नवव्या क्रमांकाने संध्याकाळ ओळी घेतल्या, आणि दहाव्या सिस्टरला राखीव ओळ आली.

यादी लावणाऱ्याच्या मनात नेहमी असते की नाईट कोणालाच नको, म्हणून ती ज्युनियरला. या फेरीत तिन्ही रात्र ओळी पहिल्या सहा जणींनी आपणहून घेतल्या. उरली ती संध्याकाळ. जिथे सिस्टर तालुक्याच्या गावाहून येतात आणि रात्री आठनंतर गावाकडची गाडी मिळेल की नाही याची धाकधूक असते, तिथे इव्हिनिंग नाईटपेक्षा जड पडू शकते. नाईट करणारी सकाळी उजेडात घरी जाते. ही गोष्ट इन्चार्जला कोणी सांगितली नसती, कारण असे कोणी विचारत नाही.

आता धाकट्यांचे काय? ज्येष्ठता पुढच्या फेरीतही तीच राहणार. काही न करता सोडले तर सात ते दहा या चौघी वर्षभर तिथेच राहतील. म्हणून भरपाईचा नियम लागतो, आणि तो जपून लिहावा लागतो. पहिला विचार मनात येतो तो असा : जिला स्वतःच्या यादीतल्या तळाच्या ओळी सलग दोनदा मिळाल्या, तिने तिसऱ्या फेरीत आधी निवडायचे. ऐकायला रास्त वाटते, पण याने यादी खोटी लिहिण्याचे कारण तयार होते. दहाव्या सिस्टरला माहीत आहे की आपल्याला उरलेलेच मिळणार. तिला संध्याकाळ ओळ मनातून चालत असली तरी ती तिला मुद्दाम तळाला लिहील आणि भरपाई मिळवील. एकदा याद्या खोट्या झाल्या की इव्हिनिंग जड आहे की नाईट, हे कळण्याचा मार्गही बंद होतो.

म्हणून ओळ जड आहे हे तिच्या यादीवरून ठरवू नये, सगळ्यांच्या निवडीवरून ठरवावे. फेरीत सर्वांत शेवटी उचलल्या गेलेल्या चार ओळी त्या तिमाहीपुरत्या जड. सलग दोन फेऱ्या जड ओळीवर काढलेल्या सिस्टर तिसऱ्या फेरीत सर्वांच्या आधी निवडतील, आपापसांत ज्येष्ठतेच्याच क्रमाने. चौथी फेरी पुन्हा नेहमीसारखी. एकीच्या खोट्या यादीने कोणती ओळ शेवटी उरते हे फारसे बदलत नाही, तेव्हा खरे लिहिण्यातच प्रत्येकीचा फायदा राहतो. एखादीला जड ओळ मनापासून आवडत असेल तर? हरकत नाही. तिसऱ्या फेरीत तिने आधी निवडून पुन्हा तीच ओळ घेतली तर चांगल्या ओळी बाकीच्यांना राहिल्याच.

आपल्या वॉर्डात दुसऱ्या फेरीचा निकालही तसाच लागला, तर तिसऱ्या फेरीचा क्रम सात, आठ, नऊ, दहा आणि मग एकपासून सहा. पहिल्या चौघींनी दोन्ही सकाळ ओळी आणि दोन रात्र ओळी घेतल्या असे धरू. पहिल्या क्रमांकाच्या सिस्टरसमोर एक रात्र ओळ, चार संध्याकाळ ओळी आणि राखीव ओळ उरतात. चोवीस वर्षे सेवा झालेल्या बाईंना हे टोचेल, आणि टोचणे स्वाभाविक आहे. या नियमावर सर्वांत जास्त वाद इथेच होतो. मी धाकट्यांच्या बाजूने आहे, याचे कारण हिशोबातच आहे : वर्षातल्या चारपैकी तीन फेऱ्या ज्येष्ठतेच्या, एक भरपाईची. आणि ओळी नीट बांधलेल्या असल्याने पहिल्या सिस्टरचे नुकसान म्हणजे बारा आठवड्यांपुरत्या काही जास्त इव्हिनिंग आणि नाईट, त्यापेक्षा अधिक नाही. ओळी वाईट बांधल्या असत्या तर हाच नियम कोणी सहन केला नसता.

निवड झाल्यावर अदलाबदल होणारच. कोणाचे लग्नकार्य निघते, कोणाच्या मुलाची परीक्षा. दोघींच्या सह्यांचा अर्ज, इन्चार्जची सही, आठवड्याचे तास ४८ च्या वर न जाणे आणि अनुभवाची खूण न मोडणे, एवढ्या अटी पुरतात. मात्र अदलाबदलीची वही महिन्याअखेर नीट वाचावी. बदल सगळीकडून थोडे थोडे असतील तर ठीक. एकाच ओळीवरून वारंवार बदल मागितले जात असतील तर ती ओळ वाईट बांधली आहे. सीनियरच्या नाईट सतत एकाच ज्युनियरकडे जात असतील आणि तिकडून परत काही येत नसेल, तर ती अदलाबदल नाही, दबाव आहे. त्यासाठी वहीत एक रकाना वाढवावा : बदल्यात काय मिळाले, कोणत्या तारखेला. तो रकाना दोन-तीनदा कोरा दिसला की मेट्रनने विचारायला हवे.

मध्येच कोणी प्रसूती रजेवर गेले किंवा कोणाची प्रतिनियुक्तीवर दुसऱ्या रुग्णालयात पाठवणी झाली, तर फेरी पुन्हा घेऊ नये. एका जागेसाठी दहा घरांचे वेळापत्रक उलटेपालटे होते. रिकामी झालेली ओळ रिलीव्हरला विचारायची. तिने घेतली तर ती तिची, आणि राखीव जागेसाठी वरून माणूस मागायचे, लेखी. तो येईपर्यंत रजा कोणत्या क्रमाने मिळेल हे फलकावर लावायचे. यादी लागल्यानंतर इन्चार्जने स्वतः केलेला प्रत्येक बदल तारीख-कारणासह त्याच कागदावर, वेगळ्या शाईत. तिमाही संपली की लावलेली यादी आणि हजेरीपट शेजारी ठेवून प्रत्येकीच्या प्रत्यक्ष नाईट आणि इव्हिनिंग मोजायच्या. ओळीत सहा नाईट आणि हजेरीत नऊ, असे एकीच्याच बाबतीत निघाले तर पुढच्या फेरीआधी त्या तीन नाईटच्या बदल्यात तिला सुट्ट्या द्यायच्या, आणि त्या जादा नाईट कुठून आल्या ते शोधायचे.

आपल्या नमुन्यातल्या वॉर्डापुढे दुसऱ्या फेरीनंतर एक काम तर उघडच उरले आहे. इव्हिनिंग ५६ आहेत, त्या कोणाला तरी करायच्याच आहेत, ओळी कितीही फिरवून बांधल्या तरी त्या कमी होणार नाहीत. पण रात्री आठला सुटणाऱ्या दोघींना स्टँडपर्यंत किंवा घरापर्यंत सोडायला रुग्णालयाची गाडी ठेवली, तर संध्याकाळ ओळ तिसऱ्या फेरीत शेवटी उरते का, हे पाकिटे उघडताना दिसेल.